गाडी बुक करण्याआधी बँकेकडून लेखी मंजुरी : पत्र कसे लिहावे

(आमच्या फोंडा कचेरीत वाहन-नोंदणी व कर्जाच्या कागदपत्रांसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी)

चतुर्थी जवळ आली की आमच्याकडे एकाच प्रकारची घाई सुरू होते. गाडी शोरूममध्ये बुक झालेली असते, पंचवीस-पन्नास हजार भरलेले असतात, आणि बँकेकडून हातात काय आहे असे विचारले तर उत्तर येते, "साहेब म्हणाले, होऊन जाईल." साहेब खोटे बोलत नसतात. पगार आणि सिबिल पाहून त्यांना कर्ज बसेल असे वाटते, तेवढेच ते सांगतात. किती रक्कम, कशाच्या किती टक्के, कोणत्या दराने आणि किती दिवसांपर्यंत, हे त्या वाक्यात नसते. पुढे भांडण होते ते नेमके याच चार गोष्टींवर. बुकिंगचे पैसे परत किती मिळतील ते मात्र शोरूमच्या छापील फॉर्मवर आधीच ठरलेले असते आणि त्यावर तुमची सही असते.

म्हणून आमचे सांगणे असे की आधी कोटेशन, मग बँकेला पत्र, मग लेखी मंजुरी आणि शेवटी बुकिंग. कोटेशनसाठी बुकिंग करावे लागते असा अनेकांचा समज आहे. तसे काही नाही. शोरूमच्या लेटरहेडवर मॉडेल, व्हेरियंट, एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा आणि ॲक्सेसरीज अशा वेगवेगळ्या ओळी लिहून सही-शिक्क्याचे कोटेशन मागा. बँकेला तेवढे पुरते. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला "चार बँकांत टाकतो, एकीकडे तरी होईल" म्हणाला तर नको म्हणा. प्रत्येक बँकेने केलेली चौकशी तुमच्या सिबिलमध्ये नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अशा चार नोंदी दिसल्या की पाचवी बँक बिचकते.

रक्कम कशावर मोजली ते विचारा

एक उदाहरण घेऊ. समजा शिरोड्याच्या एका शिक्षिकेला गाडी घ्यायची आहे. एक्स-शोरूम किंमत ९,००,००० रुपये. रस्ता कर, नोंदणी, विमा वगैरे धरून ऑन-रोड १०,५०,०००. शाखेत त्यांना तोंडी सांगितले, "८५ टक्के कर्ज देतो." बाईंनी ऑन-रोडच्या ८५ टक्के धरले, म्हणजे ८,९२,५००. स्वतःचे १,५७,५०० घालायचे, तेवढे खात्यात होते. पण त्या शाखेत टक्के एक्स-शोरूमवर मोजत असतील तर कर्ज होते ७,६५,०००, आणि बाईंना उभे करावे लागतात २,८५,०००. एका न विचारलेल्या शब्दापायी सव्वा लाखाहून जास्त फरक पडतो. आणि तो कळतो कधी? गाडी आली, शोरूमचा फोन आला, मार्जिनची पावती बँकेत द्यायची वेळ झाली तेव्हा. दोन्ही पद्धती चालतात, त्यात फसवणूक नाही. फक्त तुमच्या शाखेची पद्धत कोणती, हे कागदावर यायला हवे.

याच मुद्द्याला जोडून एक बारीक गोष्ट. मंजुरीपत्रात बरेचदा "मंजूर रक्कम किंवा किमतीचे इतके टक्के, यांपैकी जे कमी असेल ते" असे लिहिलेले असते. गाडी यायला तीन महिने लागले आणि तेवढ्यात कंपनीने किंमत वाढवली, तर कर्जाची रक्कम आपोआप वाढत नाही. बहुतेक बुकिंग फॉर्मवर "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असे असतेच. वाढलेला सगळा भार मग तुमच्या खिशावर पडतो.

दर, आणि दरात न दिसणारा खर्च

"नऊ टक्के" एवढे ऐकून समाधान मानू नका. याच बाईंचे ७,६५,००० रुपये सात वर्षांसाठी, दर ९ टक्के घटत्या शिलकीवर, तर हप्ता साधारण १२,३०८ बसतो. आता प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च वगैरे मिळून ११,४७५ रुपये घेतले असे समजा. ते धरून हिशेब केला तर खरा वार्षिक दर साडेनऊ टक्क्यांच्या जवळ जातो. दुसरी बँक सव्वानऊ टक्के म्हणत असेल पण फी घेत नसेल, तर तीच स्वस्त.

हा हिशेब तुम्हाला करत बसायला नको. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यायचे असते. शाखेत त्याला केएफएस म्हणतात. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, हप्त्यांचा तक्ता आणि प्रत्येक फी लिहिलेली असते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचे असते, म्हणून मराठीत मागायला संकोच नको. त्यात न दाखवलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. अडचण एकच: काही शाखा हे विवरणपत्र थेट करारावर सह्या घेण्याच्या दिवशी पुढे करतात, तेव्हा गाडी बुक झालेली असते. पत्रात ते मंजुरीपत्राबरोबरच मागायचे ते याचसाठी.

दर स्थिर आहे की बदलता, हेही लिहून घ्या. वाहनकर्ज बरेचदा स्थिर दराचे असते. बदलत्या दराचे वैयक्तिक, धंद्यासाठी नसलेले कर्ज लवकर फेडले तर बँक दंड लावू शकत नाही. स्थिर दराच्या कर्जावर तसा आकार लागू शकतो. बाईंना तीन वर्षांनी थकबाकी मिळणार आहे आणि तेव्हा कर्ज बंद करायचे आहे असे समजू. छत्तीस हप्ते भरल्यावर सुमारे ४,९५,००० शिल्लक राहतात. त्यावर ३ टक्के आकार असेल तर १४,८५० रुपये, म्हणजे एका हप्त्याहून जास्त. लवकर फेडायचा विचार नसेल तर या कलमाची फार चिंता करू नका.

मंजुरी किती दिवस चालते

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, आणि विचारतात सर्वांत कमी लोक. मंजुरीपत्राला मुदत असते. ती संपली की पुन्हा पगारपत्रक, पुन्हा सिबिल, आणि कदाचित पुन्हा फी. शोरूमने सांगितलेला प्रतीक्षाकाळ आणि मंजुरीची मुदत शेजारी ठेवून पाहा. शिवाय दर मंजुरीच्या दिवशीचा लागणार की पैसे सोडण्याच्या दिवशीचा, तेही विचारा. व्याज मात्र पैसे खरोखर सुटल्या दिवसापासूनच मोजायचे असते. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणे गैर असल्याचे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

विवाहितांसाठी गोव्यापुरती एक सूचना. इथल्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. त्यामुळे शाखा जोडीदाराची सही किंवा सहकर्जदार म्हणून नाव मागू शकते. जोडीदार बोटीवर किंवा आखातात असेल तर हे आधीच कळलेले बरे.

पत्राचा नमुना

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखा)

विषय : वाहनकर्जाची सर्व अटींसह लेखी मंजुरी मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

माझे आपल्या शाखेत पगाराचे बचत खाते आहे (क्रमांक …). मला (मॉडेल व व्हेरियंट) ही गाडी घ्यायची असून शोरूमचे दिनांक … चे कोटेशन सोबत जोडले आहे. एक्स-शोरूम किंमत रु. … व ऑन-रोड किंमत रु. … आहे. मला रु. … इतके कर्ज … वर्षांसाठी हवे आहे. मी अद्याप गाडी बुक केलेली नाही. आपली लेखी मंजुरी मिळाल्यावरच बुकिंग करणार आहे.

तरी कृपया मंजुरीपत्रात पुढील बाबी नमूद कराव्यात. मंजूर रक्कम, ती एक्स-शोरूम की ऑन-रोड किमतीवर मोजली आहे आणि मी भरायचे मार्जिन. व्याजदर, तो स्थिर की बदलता, आणि कोणत्या दिवशीचा दर लागू होईल. हप्त्याची रक्कम, तारीख व संख्या. प्रोसेसिंग फी व इतर सर्व आकार, आणि कर्ज न घेतल्यास त्यांतील किती परत मिळेल. कर्जदाराचा विमा सक्तीचा आहे की ऐच्छिक. मुदतीपूर्वी फेडल्यास व हप्ता चुकल्यास लागणारा आकार. सहकर्जदार वा जामीनदाराची आवश्यकता. मंजुरीची मुदत.

तसेच मुख्य तथ्यांचे विवरणपत्र मंजुरीपत्रासोबतच, मराठीत द्यावे ही विनंती. कर्ज नाकारल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, फोन, दिनांक)

सोबत : कोटेशन, पगारपत्रके, खाते उतारा, आधार व पॅनच्या प्रती.

पत्र दिल्यानंतर

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही व तारीख घ्या. पोच द्यायला कोणी कुरकुर केली तर वाद न घालता तेच पत्र शाखेच्या ईमेलवर पाठवा. कर्ज-अर्जाची पोच देणे आणि नाकारल्यास मुख्य कारणे लेखी कळवणे हे बँकांनी पाळायचेच नियम आहेत.

उत्तर आले की पहिली ओळ नीट वाचा. "तत्त्वतः मंजूर", "पात्र आहात" किंवा मोबाईलवर आलेले "प्री-अप्रूव्ह्ड" ही मंजुरी नव्हे. बँक पुढच्या तपासणीत ती मागे घेऊ शकते. खऱ्या मंजुरीपत्रावर तुमचे नाव, रक्कम, दर, मुदत, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते किंवा ते बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेले असते. "अमुक कागद दिल्यास" अशी अट असेल तर तो कागद देऊन झाल्यावरच बुकिंग करा. विम्याबद्दलचा प्रश्न अनुत्तरित ठेवला असेल तर तेवढ्यासाठी पुन्हा विचारा, कारण हजारोंचा हप्ता बहुधा तिथेच कर्जात मिसळलेला सापडतो.

कोटेशनची प्रत आणली तर पत्र आम्ही त्याच दिवशी टाईप करून देतो, आणि मंजुरीपत्र आले की सही करण्याआधी ओळीने वाचून दाखवतो. मंजुरी कोणत्या बँकेची घ्यावी हे आम्ही सांगत नाही आणि कोणत्याही शोरूमकडून कमिशन घेत नाही. दुपारी एक ते तीन कचेरी बंद असते.