प्रशिक्षण-पूर्ती प्रमाणपत्र (गोव्यातील हॉटेल प्रशिक्षण)

इंटर्नशिप किंवा प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर आस्थापनेने दिलेला लेखी दाखला. गोव्यात तो हॉटेल व्यवसायात मागितला जातो. हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग या चार विभागांत काम करावे लागते.

दाखल्यात सुरुवातीची व शेवटची तारीख आणि विभागवार कालावधी असायलाच हवा. ‘समाधानकारक प्रशिक्षण घेतले’ एवढ्यावर भागवणारे दाखले सर्रास मिळतात, पण कोणत्या विभागात किती दिवस काढले हे त्यातून कळत नाही आणि मुलाखत घेणाऱ्या शेफला नेमके तेच हवे असते. याशिवाय जावक क्रमांक, संस्थेचे नाव, हजेरी, सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा, शिक्का आणि पडताळणीसाठी कार्यालयाचा फोन किंवा ईमेल असावा. हॉटेल चालवणाऱ्या कंपनीचे नावही लेटरहेडवर पाहावे. हॉटेलाचा ब्रँड बदलला की पाटीवरचे नाव जाते, आणि दोन वर्षांनी पडताळणी करणाऱ्याला जुन्या नावाने कोणीच सापडत नाही.

गोव्यात नावाचे स्पेलिंग हमखास अडते. गावकर, नाईक, गावस ही आडनावे इंग्रजीत एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. दाखल्यावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच असावे. चूक दिसल्यास प्रशिक्षण संपते त्याच आठवड्यात एचआर विभागाकडून दुरुस्त प्रत घ्यावी, कारण हंगाम संपल्यावर तिथली माणसे अनेकदा बदलतात.

उदाहरणादाखल, डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने कांदोळीच्या हॉटेलात 1 जुलै ते 27 ऑक्टोबर 2024 असे 17 आठवडे प्रशिक्षण घेतले, असे धरू. त्यांपैकी 5 आठवडे किचनमध्ये आणि इतर तीन विभागांत प्रत्येकी 4 गेले. फ्रंट ऑफिसच्या जागेसाठी अर्ज करताना तिने बायोडाटात ‘अनुभव’ या मथळ्याखाली नोकरी म्हणून हे दाखवू नये. ‘औद्योगिक प्रशिक्षण’ असा मथळा द्यावा, हॉटेलचे नाव व तारखा लिहाव्यात आणि फ्रंट ऑफिसचे 4 आठवडे आधी मांडून तिथे चेक-इन, आरक्षण किंवा बिल यांपैकी जे खरोखर केले ते एका ओळीत सांगावे. अर्जाला दाखल्याची स्पष्ट प्रत पुरते. मूळ प्रत आणि शेरे-सह्या असलेले लॉगबुक मुलाखतीला न्यावे. दाखल्यात विभागवार कालावधी नसेल तर लॉगबुकच तो भाग सिद्ध करते.

सरकारी जाहिरातीत अनुभवाची अट असेल तर प्रशिक्षणाचा काळ त्यात धरतात का, हे त्या जाहिरातीतच पाहावे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी कायद्याप्रमाणे करार नोंदवलेला असावा लागतो, त्यामुळे महाविद्यालयाने लावून दिलेल्या इंटर्नशिपचा दाखला त्याच्या जागी चालत नाही.