परातीतला सूर्यही डोळ्यांना घातकच

ग्रहणाच्या दिवशी नाशिकला रामकुंडावर स्नानासाठी गर्दी होते. परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घेऊन त्यात सूर्यबिंब पाहायची जुनी रीतही आपल्याकडे आहे. वर न पाहता पाण्यात पाहिलं की डोळे सुरक्षित राहतात, अशी त्यामागची समजूत. ती खरी नाही.

चंद्रग्रहणात असा प्रश्नच येत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकरापासून १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत पूर्ण बुडाला होता. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर पडणारं ऊन पृथ्वीने अडवलं, की आपल्या वातावरणातून वळून गेलेला तांबूस उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे ग्रहणातला चंद्र पौर्णिमेच्या चंद्राहूनही मंद असतो. तो हवा तितका वेळ पाहावा, दुर्बिणीतूनही पाहावा.

सूर्यग्रहणात चंद्र आडवा येऊन सूर्याचा काही भाग झाकतो, पण उरलेला भाग तितकाच प्रखर राहतो. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे. तो ९९ टक्के झाकला गेला, तरी उरलेली कोर पौर्णिमेच्या चंद्राच्या ४ हजार पट उजेड देते. डोळ्यातलं भिंग ती कोर दृष्टिपटलावर नेमकी उमटवतं आणि तेवढी जागा भर दुपारच्या सूर्याइतकाच मारा सोसते. एरवी डोळे दिपतात म्हणून आपण लगेच नजर वळवतो. ग्रहणात एकूण उजेड कमी झाल्याने बाहुली मोठी होते आणि टक लावून पाहता येतं. खरा घात होतो तो इथेच.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा मुख्यतः निळ्या प्रकाशाने घडलेल्या रासायनिक बदलांमुळे होते आणि काही तासांनी, बरेचदा दुसऱ्या दिवशी लक्षात येते. वाचताना नेमकं ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच पुसट दिसतं, सरळ रेघ वाकडी भासते. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींची कायमची अधू राहते. खात्रीचा उपचार नाही.

आता परात. डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे २ टक्के प्रकाश पाण्याचा पृष्ठभाग परत फेकतो. हळदीने तळ दिसेनासा होतो, पृष्ठभागावरची ही चकाकी मात्र तशीच राहते. हे २ टक्के म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या ८ हजार पट! सूर्य कलला की प्रमाण आणखी वाढतं. ग्रहणाचे प्रमाणित चष्मे ३० हजारांत जेमतेम एक भाग प्रकाश आत सोडतात. परात पन्नासात एक भाग सोडते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म आणि साधा गॉगल यांच्यावरही विसंबू नये.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर नाशिकमधून खंडग्रास ग्रहण दिसेल. सूर्य पूर्ण झाकला जाणार नसल्याने उघड्या डोळ्यांनी पाहण्यासारखा एकही क्षण त्यात नाही. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित, ओरखडा नसलेला चष्मा वापरावा. नाहीतर पुठ्ठ्याला दोनेक मिलिमीटरचं भोक पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि दोन मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर ऊन पाडावं. दोनेक सेंटिमीटरचा, एका बाजूने खाल्लेला सूर्य त्यावर उमटतो. ऑगस्टात ढग नसले, तर झाडाच्या पानांच्या फटींतूनही असे शेकडो सूर्य जमिनीवर पडलेले दिसतील.