सोन्याच्या पावतीचा ताळा

उदगीर, परभणी किंवा माजलगावच्या सराफ्यात मंगळसूत्र घेतले की पावतीचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. पुण्यातला भाऊ, सासरी असलेली बहीण, सगळे खालची एकूण रक्कम बघतात आणि अभिनंदन करून मोकळे होतात. मधल्या चार-पाच ओळींकडे कुणाचे लक्ष जात नाही. ताळा मात्र त्याच ओळींत असतो. वजन, भाव, घडणावळ आणि जीएसटी हे आकडे गुणाकार-भागाकाराने एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे एखादा आकडा फोटोत पुसट असला तरी तो बाकीच्या आकड्यांवरून काढता येतो, आणि एखादा चुकीचा असला तर तो बाकीच्यांशी जुळत नाही. मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर त्यासाठी पुरतो.

एक पावती घेऊ. भाव हिशेबाला सोपा जावा म्हणून धरलेला आहे. आपल्या पावतीला तिच्या तारखेचा भाव लावायचा.

मंगळसूत्र २२ कॅरेट, शिक्का ९१६. एकूण वजन १२.४६० ग्रॅम. काळे मणी आणि दोरा १.८४० ग्रॅम. निव्वळ वजनाच्या आकड्यावरून कागदाची घडी गेली आहे, त्यामुळे फोटोत ‘१०.’, पुढे एक डाग आणि मग ‘२०’ एवढेच दिसते. भाव ग्रॅमला ११,००० रुपये. सोन्याची किंमत १,१६,८२०. घडणावळ १२ टक्के, रक्कम १६,४४७.२०. सीजीएसटी १,९९९.०१, एसजीएसटी तेवढाच. हॉलमार्कचे ५३.१०. एकूण १,३७,३१८ रुपये.

आधी घडीखालचा आकडा काढू. सोन्याच्या किमतीला भावाने भागायचे. १,१६,८२० भागिले ११,००० म्हणजे १०.६२, म्हणून निव्वळ वजन १०.६२० ग्रॅम. तिथे ८ असता तर किंमत १,१९,०२० झाली असती, म्हणजे डागाखाली ६ आहे. दुसरा पुरावाही पावतीवरच आहे. एकूण वजनातून मणी-दोऱ्याचे वजन वजा केले, १२.४६० मधून १.८४० गेले, तर १०.६२० च उरतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की तो आकडा पक्का धरावा. फोटोत ६ आणि ८, १ आणि ७, ३ आणि ८ यांची गल्लत नेहमी होते आणि थर्मल कागदावर दशांशचिन्ह सगळ्यात आधी उडते. तेव्हा डोळे ताणत बसण्यापेक्षा भागाकार करावा.

मग भाव. सराफ्याच्या फलकावर बहुधा १० ग्रॅमचा भाव असतो. आपल्याकडे आज ‘तोळा’ म्हणतात तो या दहा ग्रॅमलाच. आजीच्या तोंडचा जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. घरातल्या जुन्या दागिन्याशी तुलना करताना हे विसरले की वजन कमी भरल्यासारखे वाटते. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. बाकीचे २ भाग तांबे, चांदी यांसारखे धातू असतात, कारण शुद्ध सोने मऊ असते आणि रोजच्या वापरात वाकते, झिजते. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६७, आणि शिक्क्यावरचे ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. त्या दिवशी २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० असेल तर २२ कॅरेटचा ११,००० च्या आसपास असायला हवा. नेमक्या ०.९१६ ने गुणले तर १०,९९२ येतात. आठ रुपयांचा हा फरक दशांश कुठे तोडला यातून येतो, त्यावर दुकानात वाद घालू नये.

भावात मोठी चूक असेल तर ती ओळखता येते, कारण तिचे गुणोत्तर ठरलेले असते. पावतीवरच्या भावाला त्या दिवशीच्या २२ कॅरेटच्या भावाने भागावे. उत्तर १.०९ आले तर २२ कॅरेटच्या दागिन्याला २४ कॅरेटचा भाव लागला आहे. आपल्या उदाहरणात ही चूक घडणावळ आणि कर सोडून १०,६२० रुपयांना पडली असती. उत्तर १.०३ आले तर बहुधा ३ टक्के जीएसटी धरूनचा भाव लावला आहे. तसे असेल आणि खाली पुन्हा जीएसटी जोडला असेल, तर कर दोनदा गेला. ही तुलना करताना भाव त्याच दिवसाचा घ्यावा. आगाऊ पैसे भरून भाव बांधून घेतला असेल, तर बांधला त्या दिवसाचा.

आपल्या पावतीत भाव बरोबर आहे, सोन्याची किंमतही बरोबर आहे. चूक पुढे आहे. घडणावळ १२ टक्के असे छापले आहे. ती तपासायला रकमेला सोन्याच्या किमतीने भागायचे. १६,४४७.२० भागिले १,१६,८२० म्हणजे ०.१४०८. टक्के १४.०८ झाले, बारा नव्हे. ठरलेल्या बारा टक्क्यांनी १४,०१८.४० रुपये व्हायला हवे होते.

इथे “हिशेब चुकला” एवढे म्हणून थांबू नये. चूक कशी झाली तेही याच आकड्यांतून निघते. १६,४४७.२० हे कशाचे १२ टक्के आहेत? ०.१२ ने भागले की १,३७,०६० येतात. त्याला ११,००० ने भागले की १२.४६. हे तर पावतीच्या पहिल्या ओळीतले एकूण वजन! सोन्याची किंमत निव्वळ वजनावर धरली, पण घडणावळ काळ्या मण्यांसकट वजनावर लावली. १.८४० ग्रॅम मणी आणि दोरा सोन्याच्या भावाने मोजून त्यावर १२ टक्के आकारले गेले. फरक २,४२८.८० रुपये, आणि त्यावरचा ३ टक्के कर धरून २,५०१.६६.

एकूण रकमेची नुसती बेरीज केली असती तर ही चूक कधीच दिसली नसती, कारण बेरीज बरोबर आहे. १,१६,८२० आणि १६,४४७.२० मिळून १,३३,२६७.२०, त्याचे दीड टक्के १,९९९.०१, आणि शेवटची रक्कम, ३२ पैसे सोडून, रुपयाला पूर्ण केलेली जुळते. ही पावती सॉफ्टवेअरने काढलेली आहे आणि सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही. चूक असते ती कुठला आकडा कुठल्या खान्यात गेला यात. म्हणून प्रत्येक ओळ तिच्या आधीच्या ओळीने भागून बघावी लागते.

जीएसटीची ओळ हाही एक चांगला साक्षीदार आहे. दुकानातून तयार दागिना घेताना सोने आणि घडणावळ मिळून होणाऱ्या रकमेवर ३ टक्के कर लागतो, दीड केंद्राचा आणि दीड राज्याचा. सीजीएसटीला ०.०१५ ने भागले की करपात्र रक्कम मिळते. १,९९९.०१ भागिले ०.०१५ म्हणजे १,३३,२६७.३३. वरच्या बेरजेशी तेरा पैशांचा फरक आहे, कारण कर जवळच्या पैशाला पूर्ण केलेला असतो आणि त्यातला अर्धा पैसा उलट्या हिशेबात ३३ पैशांपर्यंत वाढतो. तेवढा फरक चालतो. घडणावळीची ओळ फोटोत अजिबात वाचता येत नसेल, तर या करपात्र रकमेतून सोन्याची किंमत वजा केली की घडणावळ हाती येते. आपले सोने देऊन फक्त मजुरी भरायची असेल तर ते वेगळे काम ठरते आणि मजुरीवर ५ टक्के कर लागतो. दोन्ही दरांची गल्लत करू नये. हॉलमार्कच्या ५३.१० मध्ये नगाचे ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ही रक्कम नगावर असते, वजनावर नाही. म्हणून एका मंगळसूत्राला ती शेकड्यांत गेली तर विचारावे.

मजुरी टक्क्यांत, ग्रॅममागे किंवा नगामागे ठरते. काही ठिकाणी ‘घट’ म्हणून वजनात काही टक्के वाढवून वर मजुरी वेगळी लावतात. तुलना करायची तर सगळ्याचे एकच माप करावे. सोन्याच्या निव्वळ किमतीवर जे जे चढले (कर आणि हॉलमार्क सोडून) त्याची बेरीज त्या किमतीने भागावी. ८ टक्के घट आणि ६ टक्के मजुरी सांगणारा सराफ १२ टक्के सांगणाऱ्यापेक्षा महागच पडतो. मणी ओवण्याची मजुरी घेणे गैर नाही, पण ती वेगळ्या ओळीत रुपयांत लिहून मागावी. बारा टक्क्यांच्या आत ती दडवून ठेवू नये.

आता या हिशेबाची मर्यादा. ताळा आकड्यांचा आहे, सोन्याचा नाही. पावतीवर १०.६२० छापले आहे, पण दागिन्यात खरोखर तेवढे सोने आहे का, ते ९१६ आहे का, हे फोटोतून कळत नाही. शुद्धतेसाठी दागिन्यावरचा एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघावा. तिथे दिसणारा दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता पावतीशी जुळायला हवी. शुद्धता कमी निघाली तर बीआयएसच्या नियमांनुसार त्या वजनावरच्या तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या पावतीवर दागिन्याचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहिणे सराफावर बंधनकारक आहे. ‘सव्वा तोळ्याचं मंगळसूत्र’ एवढेच लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर वरचा एकही भागाकार करता येत नाही. शिवाय आपल्या उदाहरणातला तो सव्वा तोळा मणी धरून आहे, सोने एका तोळ्याहून थोडेसेच जास्त आहे.

वजनाची खात्री मात्र दुकानातच करावी लागते, आणि तीही ओवण्याआधी. मणी दोऱ्यात ओवले गेले की ते परत वेगळे तोलता येत नाहीत. बोरमाळेचे तर आणखी कठीण, कारण पोकळ मण्यांत लाख भरलेली असते आणि मणी न फोडता ती बाहेर काढता येत नाही. म्हणून मंगळसूत्राच्या वाट्या, सोन्याचे मणी आणि साखळी ओवण्यापूर्वी एकत्र काट्यावर ठेवायला सांगावे आणि तीन दशांशांचा तो आकडा पावतीसोबत फोटोत घ्यावा. बोरमाळ असेल तर लाखेचे वजन पावतीवर वेगळे लिहून घ्यावे. पावती सपाट पसरून, खिडकीच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील अशी टिपावी, आणि घडी घालायच्या आधी.