दिवाळीच्या सुट्टीचे पत्रक लागले, आता गावाकडची जास्तीची रजा कशी मांडायची

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही कारखान्याच्या गेटवर जा, दिवाळीचे पत्रक एकाच साच्यातले असते. वरच्या अर्ध्या भागात आभार असतात आणि खालच्या अर्ध्या भागात तारखा. माझी बावीस वर्षे हजेरी आणि रजा बघणाऱ्या टाइम ऑफिसात गेली. लोक वरचा भाग मोठ्याने वाचतात, खालचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवतात, आणि भाऊबीज झाल्यावर पगाराची स्लिप घेऊन खिडकीशी येतात. म्हणून 2025 च्या दिवाळीचा एक हिशेब मांडतो. पत्रक साधारण असे होते:

"सर्व कामगार बंधू-भगिनींना दीपावलीच्या शुभेच्छा. वर्षभर आपण घेतलेल्या मेहनतीमुळे उत्पादनाचे उद्दिष्ट पूर्ण झाले, याबद्दल व्यवस्थापन आपले आभारी आहे. दीपावलीनिमित्त सोमवार दि. 20 ऑक्टोबर ते शुक्रवार दि. 24 ऑक्टोबर कारखाना बंद राहील. शुक्रवारच्या बदल्यात रविवार दि. 26 ऑक्टोबर हा कामाचा दिवस राहील. शनिवार दि. 25 रोजी सर्वांनी वेळेवर हजर राहावे."

आभाराच्या ओळी मनापासून असतील, पण त्यांतून हक्काचे काही निघत नाही. बोनसचा उल्लेख त्यातच केलेला असला, तरी बोनस कायद्याने द्यायचा असतो आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपनीची मुदत म्हणजे 30 नोव्हेंबर. आपले काम आहे ते तारखांशी.

बंद असलेल्या पाचही दिवसांची जात एक नसते. लक्ष्मीपूजन 21 ला, पाडवा 22 ला आणि भाऊबीज 23 ला होती. या सणाच्या पगारी सुट्ट्या, आणि त्या वर्षाला किती हे करारात किंवा नेमणूकपत्रात लिहिलेले असते. सोमवार 20, म्हणजे नरकचतुर्दशी, आमच्याकडे करारातलीच चौथी सुट्टी होती. काही ठिकाणी तो दिवस गुपचूप पी.एल.मधून, म्हणजे भरपगारी रजेतून, वळता करतात, तेव्हा पत्रकात तसे लिहिले आहे का ते विचारून घ्यावे. शुक्रवार 24 मात्र सुट्टी नव्हतीच, ती रविवारची बदली होती. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 52 प्रमाणे साप्ताहिक सुट्टी बदलता येत असे, पण बदली दिवस त्या रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतच लागे. शिवाय सूचना फलकावर लावावी लागे, कारखाना निरीक्षकाला कळवावे लागे, आणि बदलीमुळे सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम पडू द्यायचे नसे. 24 आणि 26 मध्ये दोनच दिवसांचे अंतर आहे, म्हणून हे चालले. "12 तारखेचा रविवार भरा, 20 ला सुट्टी घ्या" अशी अदलाबदल या कलमात बसत नव्हती.

आता जास्तीच्या रजेकडे. आमच्या प्रेस शॉपमधले एक काका अंबाजोगाईकडचे. त्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली शेते खरवडून नेली होती. वाफसा येताच जमीन सारखी करून ज्वारी पेरायची म्हणून त्यांना 25 ते 30 ऑक्टोबर गावी राहायचे होते.

पहिला प्रश्न पात्रतेचा. आदल्या कॅलेंडर वर्षात कारखान्यात 240 दिवस काम झालेले असेल, तर दर 20 दिवसांना 1 दिवस भरपगारी रजा मिळत असे. (21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात 240 च्या जागी 180 दिवस आले, 20 ला 1 हे गणित तेच राहिले.) काकांचे 2024 मध्ये 264 दिवस भरले होते. 264 ला 20 ने भागले की 13.2, अर्ध्याखालचा तुकडा सोडून द्यायचा, म्हणजे 13 दिवस. पुतणीच्या लग्नाला मे महिन्यात 5 घेतले होते, शिल्लक 8. ठेकेदाराकडच्या मुलांना वाटते की आपल्याला हे नाही. तसे नाही. कायदा त्या कारखान्यात केलेले दिवस मोजतो. ठेकेदार वर्षाच्या मधे बदलला तर जुन्याचे हजेरीपत्रक हाती राहत नाही, म्हणून दर महिन्याच्या पगार स्लिपा जपून ठेवाव्यात, तोच खरा पुरावा.

दुसरा प्रश्न मुदतीचा, आणि बहुतेकांचा अर्ज इथेच अडतो. त्याच अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे रजा सुरू होण्याच्या किमान 15 दिवस आधी लेखी अर्ज द्यावा लागत असे. 25 पासून रजा हवी तर 10 ऑक्टोबरपर्यंत. पत्रक लागले 8 ला! पत्रकाची वाट पाहणाऱ्याच्या हातात दोनच दिवस उरले. दिवाळीच्या तारखा कॅलेंडरवर असतातच, तेव्हा अर्ज दसऱ्यालाच लिहून टाकावा. आजारपण असेल तर पंधरा दिवसांची अट नसे, पण डॉक्टरचा किंवा ईएसआयचा दाखला लागे. वर्षात भरपगारी रजा तीन वेळांपेक्षा जास्त तुकड्यांत मागता येत नसे. काकांची ही दुसरी वेळ होती.

सोबत फार काही लागत नाही. अर्जाच्या दोन प्रती, रजा कार्ड, ओळखपत्र, आणि शिल्लक दाखवणारी शेवटची पगार स्लिप. अर्जात पासून-पर्यंतच्या तारखा, कामावर रुजू होण्याची तारीख आणि गावाकडचा फोन नंबर लिहावा. आधी सुपरवायझरची सही घ्यायची, मग टाइम ऑफिसात एक प्रत देऊन दुसरीवर तारखेसह पोच घ्यायची. ठेकेदारी कामगाराने अर्ज ठेकेदाराला द्यायचा आणि एक प्रत टाइम ऑफिसातही ठेवायची. "साहेबांना तोंडी सांगितलंय" हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकले आहे, पण मस्टरवर ते कुणी लिहीत नाही.

तिसरी गोष्ट दिवस मोजण्याची. रजेच्या मधे किंवा दोन्ही टोकांना येणारी सुट्टी रजेत धरत नाहीत. काकांनी हिशेब केला, 25 ते 30 म्हणजे सहा दिवस, रविवार वजा, पाच पी.एल. पण तो रविवार पत्रकाने कामाचा केला होता, त्याची सुट्टी शुक्रवारी देऊन झाली होती. म्हणून सहाच कापले गेले आणि शिल्लक 2 राहिली. "रविवारची रजा लावता का?" म्हणून ते तावातावाने आले होते. पत्रकाची चौथी ओळ दाखवली तेव्हा चष्मा पुसत बसले.

याउलट 20 ते 24 हे बंदचे दिवसही रजेला जोडून कापलेले दिसले, तर मात्र सोडू नका. भरपगारी रजेच्या बाबतीत "दोन्हीकडून रजा, म्हणून मधलेही गेले" हा नियम या कायद्यात बसत नाही. अर्ज न देता 25 ला गैरहजर राहिलात तर गोष्ट वेगळी. त्या दिवसाचा पगार जातोच, आणि सणाच्या पगारी सुट्टीला आदल्या-नंतरच्या हजेरीची अट असेल तर तीही अडचणीत येते. ती अट करारात आहे की नुसती पत्रकात, ते आधी बघा.

सलग चार दिवस किंवा त्याहून जास्त रजा मंजूर झाली असेल, तर त्या कायद्याप्रमाणे त्या दिवसांचा पगार रजेवर जाण्याआधी मिळायला हवा होता. फारसे कुणी मागत नसे. काकांनी अर्जाच्या तळाशी एक ओळ लिहिली होती आणि सहा दिवसांचे पैसे 18 तारखेला खात्यात आले. त्यातून बियाणे घेतले.

अर्ज नाकारला तर नकार लेखी घ्या. एरवी पुढच्या वर्षात 30 दिवसांपर्यंतच रजा ओढता येते, पण रीतसर मागून नाकारलेली रजा त्या मर्यादेत मोजत नाहीत. पोच आणि नकार असे दोन्ही कागद हातात असतील तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. साप्ताहिक सुट्टीच्या बदलीबद्दल तक्रार असेल, तर ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे.