२००१ बॅचचा स्नेहमेळावा: नोंदणी कशी करायची, वर्गणी किती आणि का

मित्रमैत्रिणींनो, पंचवीस वर्षं झाली. रविवार, २७ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत आपण आपल्याच कॉलेजच्या आवारात भेटतोय. पाचही ब्रँच एकत्र. नोंदणी १० डिसेंबरपर्यंत.

पहिला प्रश्न बऱ्याच जणांनी संकोचून विचारला, म्हणून आधी त्याचं उत्तर. १९९७ला फर्स्ट इयरला आलेले आणि डिप्लोमा करून १९९८ला थेट सेकंड इयरला आलेले, सगळे आपल्या बॅचचे. वायडी लागून २००२ला पास झालेले, मध्येच कॉलेज सोडलेले, बदली घेऊन गेलेले हेही आपलेच. आपल्यासोबत वर्गात बसलेला प्रत्येक जण पात्र आहे, डिग्री दाखवावी लागणार नाही. जे मित्र आज हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना आपण स्वतः फोन करून बोलावतोय. त्यांच्याकडून, तसंच आपले सर, मॅडम आणि लॅबमधल्या मामांकडून वर्गणी घ्यायची नाही.

वर्गणी माजी विद्यार्थ्याला १२०० रुपये, जोडीदाराला ७००, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला ४००. बारा वर्षांवरच्या मुलांचे ७००, पाचच्या आतल्यांचं काही नाही. ७०० रुपये हा नाश्ता, जेवण आणि दोन वेळच्या चहाचा खर्च आहे. मांडव, खुर्च्या, साउंड, फोटोग्राफर आणि पाहुण्यांचं जेवण हा खर्च कितीही लोक आले तरी फारसा बदलत नाही, म्हणून तो प्रत्येक माजी विद्यार्थ्यामागे ५०० असा वाटलाय. घरच्यांवर तो टाकलेला नाही. दोघेही आपल्याच बॅचचे असतील, तर मात्र दोघांचे प्रत्येकी १२००.

नोंदणीसाठी ग्रुपवर पिन केलेला फॉर्म उघडा, पण आधी पैसे भरा, कारण फॉर्ममध्ये व्यवहाराचा क्रमांक लागतो. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर आपल्या खजिनदाराचं नाव दिसायला हवं. दुसरं नाव दिसलं तर थांबा आणि फोन करा. रक्कम भरताना शेरा म्हणून ब्रँच आणि कॉलेजमधलं नाव लिहा. मग फॉर्ममध्ये कॉलेजमधलं नाव, आताचं नाव, ब्रँच, मोबाइल, सोबत येणारे, मुलांची वयं आणि बारा आकडी यूटीआर क्रमांक भरा. फोन-पेवर T ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक वेगळा असतो, तो नको. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जोडा.

हा क्रमांक का मागतोय ते एका उदाहरणाने सांगते. समजा, मेकॅनिकलची एक मैत्रीण नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन येणार आहे. तिचे १२००, नवऱ्याचे ७००, मुलीचे ४००, मुलाचं काही नाही, एकूण २३००. पैसे भरले नवऱ्याच्या खात्यातून. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नवऱ्याचं नाव, फॉर्ममध्ये तिचं लग्नानंतरचं नाव आणि आपल्या हजेरीपटात माहेरचं. तिन्ही नावं वेगळी असल्यामुळे हे पैसे तिचेच, हे फक्त यूटीआरवरून कळतं. ताळा जुळला की दोन-तीन दिवसांत व्हॉट्सॲपवर पावती येईल. पावती आली नाही तर नोंदणी झालेली नाही असं समजा आणि विचारा. पुन्हा पैसे भरू नका.

येणं रद्द झालं तर १५ डिसेंबरपर्यंत कळवा, जेवणाचे ७०० (लहान मुलाचे ४००) परत मिळतील. मांडवाचा आगाऊ दिलेला असतो, त्यामुळे ५०० परत करता येणार नाहीत. १६ तारखेला केटररला ताटांचा आकडा जातो, त्यानंतर जेवणाचेही पैसे अडकतात. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जाईल. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘रिफंड देतो, पिन टाका’ असा फोन आपल्यापैकी कुणाच्याही नावाने आला तरी तो बंद करा.

परदेशातल्यांनी एनआरई किंवा एनआरओ खात्यातून भरलं तर उत्तम. भारतात खातं नसेल तर इथल्या एखाद्या मित्राला तुमच्या वतीने भरायला सांगा आणि फॉर्ममध्ये तसं लिहा. ही वर्गणी खर्चापुरती आहे, देणगी नाही, त्यामुळे तिच्यावर आयकरात सवलत मिळत नाही. कॉलेजला देणगी द्यायची असेल तर ती या खात्यात भरू नका. विशेषतः परदेशी पासपोर्ट असलेल्यांच्या देणगीला वेगळे कायदेशीर नियम लागू होतात, तिची चौकशी थेट कॉलेजकडे करा.

येताना सरकारी ओळखपत्र आणि मोबाइलवर पावती ठेवा, गेटवर रखवालदार विचारतील. फोटोसाठी जुनं आयकार्ड कुणाकडे असेल तर नक्की आणा.

आणि ज्यांना आत्ता वर्गणी जड जातेय त्यांनी खजिनदाराला एक फोन करावा. फॉर्म तोच, पावतीही तशीच येईल, आणि ही गोष्ट तुम्हा दोघांपलीकडे जाणार नाही.