किमान गाभा दायित्व

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये (१९६६, अंमल १९७६ पासून) प्रत्येक राज्यावर येणारे, हक्काच्या अगदी आवश्यक पातळीपुरते कर्तव्य. कराराच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांनी उपलब्ध साधनसामग्रीची पराकाष्ठा करून हे हक्क क्रमाक्रमाने पूर्णत्वास न्यायचे असतात. या क्रमशः पूर्ततेच्या सवलतीची पळवाट होऊ नये, म्हणून कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९० च्या तिसऱ्या सामान्य टिप्पणीत, म्हणजे कराराचा अर्थ उलगडणाऱ्या दस्तऐवजात, ही संकल्पना मांडली. मोठ्या संख्येने लोक अन्न, प्राथमिक आरोग्यसेवा, निवारा किंवा मूलभूत शिक्षण यांपासून वंचित असतील, तर राज्य सकृद्दर्शनी दोषी ठरते.

संकल्पनेच्या उगमाबाबत एकवाक्यता नाही. काही अभ्यासक ती जर्मन संविधानातील मूलभूत हक्काच्या ‘सारतत्त्वा’च्या संरक्षणाशी जोडतात. मानवी हक्क कायद्याचे अभ्यासक फिलिप ऑल्स्टन यांनी १९८७ च्या सुमारास हक्कांच्या गाभ्याविषयी केलेले लेखन आणि पुढे समितीतील त्यांचे काम पाहता तो धागा अधिक थेट वाटतो. मात्र दोन्ही प्रभाव एकत्र आले असणेही शक्य आहे. गाभ्याच्या बंधनाविषयीही मतभेद आहेत. १९९० च्या टिप्पणीनुसार सर्व साधने प्राधान्याने वापरल्याचे सिद्ध करून राज्याला दोषमुक्त होता येते. आरोग्यविषयक चौदाव्या टिप्पणीने (२०००) मात्र कोणतीही सबब नाकारली. यांतील पहिली भूमिका कराराच्या शब्दांशी अधिक जुळते. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्काविषयीच्या ग्रूटबूम खटल्यात (२०००) गाभा निश्चित करण्याचे टाळून, शासनाची योजना ‘वाजवी’ आहे का, एवढेच तपासले.

वाजवीपणाची हीच कसोटी, व्यक्तींना समितीकडे तक्रार करण्याची मुभा देणाऱ्या कराराच्या २००८ च्या ऐच्छिक संलेखात आली. साधने अपुरी असल्याचा दावा तपासताना समिती राज्याचा विकासस्तर, मंदी वा आपत्ती, कमी खर्चाचे पर्याय शोधले का आणि आंतरराष्ट्रीय साहाय्य मागितले का, हे पाहते. पुराव्याचा भार राज्यावर असतो. स्पेनविरुद्धच्या २०१५ च्या पाचव्या तक्रारीत हे स्पष्ट दिसते. भाडेकरार संपल्याने माद्रिदमधील एका कुटुंबाला २०१३ मध्ये लहान मुलांसह घराबाहेर काढण्यात आले. सार्वजनिक घरासाठी त्यांनी अनेक वर्षे अर्ज केले होते. घरे अपुरी असल्याचे स्पेनने सांगितले. परंतु आर्थिक संकट चालू असतानाच माद्रिदच्या प्रादेशिक शासनाने सार्वजनिक घरांचा काही साठा गुंतवणूक कंपन्यांना विकला होता. गरज सर्वाधिक असताना हे मागे जाणारे पाऊल का उचलले, याचे पटणारे स्पष्टीकरण स्पेनने दिले नाही. त्यामुळे पराकाष्ठा सिद्ध होत नाही, असे ठरवून समितीने २०१७ मध्ये निवाऱ्याच्या हक्काचा भंग झाल्याचे मत दिले. टंचाईचा काही भाग राज्यानेच ओढवलेला असल्यास ती सबब दुबळी पडते, हा यातील निर्णायक मुद्दा होय.

भारताने १९७९ मध्ये करार स्वीकारला. ऐच्छिक संलेख स्वीकारलेला नसल्याने येथील व्यक्तीला समितीकडे तक्रार नेता येत नाही.