ट्रान्सक्रिप्ट बंद पाकिटातच का मागतात?

परदेशी विद्यापीठं प्रवेशासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आपल्या विद्यापीठाने स्वतः दिलेली गुणांची अधिकृत नोंद, अनेकदा बंद पाकिटात मागतात. आपल्याकडे मात्र गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि ‘सत्यप्रत’ असा शिक्का असला की काम व्हायचं. २०१४ च्या सुमारास सरकारने बऱ्याच ठिकाणी ती सहीही काढून टाकली आणि स्वसाक्षांकन आणलं. पण त्या सहीचा अर्थ मुळात मर्यादित होता. समोरच्या कागदाशी झेरॉक्स जुळते, इतकंच अधिकारी सांगायचा. समोरचा कागद खरा आहे का, हे त्यालाही माहीत नसे. परदेशी विद्यापीठाला नेमकं तेच हवं असतं.

ही गरज किती खरी आहे, ते हार्वर्डमध्ये दिसलं. २००७ मध्ये एका तरुणाने आपण अमेरिकेतल्याच एमआयटी या नामांकित संस्थेचे विद्यार्थी असल्याचं सांगून तिथे दुसऱ्या कॉलेजातून बदलीने प्रवेश मिळवला. प्रत्यक्षात तो बोडन या छोट्या कॉलेजात शिकत होता. एमआयटीची गुणपत्रिका बनावट होती आणि शिफारसपत्रंही बनावट. एमआयटीत पहिल्या सत्रात अक्षरश्रेणी देतच नाहीत, विद्यार्थी उत्तीर्ण झाला एवढीच नोंद होते. त्यामुळे तिथली पद्धत जाणणाऱ्याला पहिल्या सत्रापासून ‘ए’ दाखवणाऱ्या गुणपत्रिकेची शंका आली असती. पण ते लक्षात आलं नाही. २००९ मध्ये त्याच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या अर्जातला मजकूर चोरलेला असल्याचा संशय एका प्राध्यापकाला आला, आणि मग जुनी फाइल उघडली गेली. तोवर सुमारे ४५,००० डॉलरची मदत आणि बक्षिसं त्याच्या पदरात पडली होती. डिसेंबर २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

ती गुणपत्रिका एमआयटीच्या कार्यालयातूनच मागवली असती, तर असा विद्यार्थीच नाही हे तिथेच कळलं असतं. म्हणून माझ्या मते प्रश्न कागदाच्या दर्जाचा नाही, कागद कोणाच्या हातातून आला याचा आहे.

बंद पाकीट ही यातली तडजोड आहे. परीक्षा विभाग स्वतःच्या दप्तरातून ट्रान्सक्रिप्ट काढतो, पाकिटात घालून चिकटवतो, आणि जोडावर सही-शिक्का अर्धा पाकिटावर, अर्धा झाकणावर येईल असा मारतो. पाकीट उघडलं की दोन्ही भाग नीट जुळत नाहीत. विद्यार्थ्याने ते स्वतः नेऊन दिलं तरी चालतं, पण कुतूहलाने उघडून पाहिलं की आतला खराखुरा कागदही साधी प्रत ठरतो आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. अर्थात शिक्काही बनवता येतो. त्यामुळे आता अनेक संस्था पाकिटापेक्षा विद्यापीठाने थेट पाठवलेली इलेक्ट्रॉनिक प्रत पसंत करतात. तीच पीडीएफ विद्यार्थ्याने पुढे पाठवली, तर तिला ते वजन राहत नाही.

मात्र थेट येण्यालाही मर्यादा आहे. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या टूरो कॉलेजातल्या माजी अधिकाऱ्यांवर पैसे घेऊन संगणकातले गुणच बदलल्याचा आरोप ठेवला गेला. अशा दप्तरातून निघालेलं ट्रान्सक्रिप्ट कितीही पक्क्या पाकिटात आलं, तरी त्यावरचे गुण खोटेच असतात.